*ठिबकचा व्हिडिओ टाकताय? खालचं वर्णन असं लिहा*



आपले बरेच सभासद आता शेतातले व्हिडिओ यूट्यूबवर टाकतात. व्हिडिओ चांगले असतात, पण खाली वर्णनाच्या जागी एकच ओळ असते: "ठिबकची माहिती, लाईक करा." असा व्हिडिओ शोधणाऱ्याला सापडत नाही. सापडला तरी त्यातला आकडा आपल्या शेताला लागू आहे का, हे त्याला कळत नाही. ठिबकला ऍसिड देण्याच्या व्हिडिओत तर हे महागात पडू शकतं. म्हणून आज तेच उदाहरण घेऊ.

*आकडा कुठून आला ते लिहा*

समजा तुम्ही व्हिडिओत म्हणालात, "मी एकराला ४ लिटर ऍसिड सोडलं." तुमच्यापुरतं ते बरोबर आहे. पण ते ४ लिटर असे आले:

तुमचा एक एकर ऊस. नळ्या ५ फुटांवर, ड्रीपर ४० सेंमीवर, प्रत्येक ड्रीपर ताशी ४ लिटरचा. म्हणजे एकरात साधारण ६,६५० ड्रीपर आणि ताशी २६,६०० लिटर पाणी. तुम्ही आधी बादलीत तुमच्या विहिरीचं १० लिटर पाणी घेतलं आणि त्यात थोडं थोडं ऍसिड घालत लिटमससारख्या पीएच पट्टीवर सामू बघितला. सामू ४ वर यायला ६ मिली लागलं. मग १५ मिनिटांत नळ्यांतून जाणाऱ्या ६,६५० लिटर पाण्याला ४ लिटर लागलं.

शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी वेगळं. त्याच्या १० लिटरला ३ मिली पुरलं, तर त्याला २ लिटरच लागेल. त्याने तुमचं ऐकून ४ सोडलं तर ऍसिड गरजेपेक्षा दुप्पट जाईल. आणि ज्याचं पाणी जास्त क्षारयुक्त आहे, त्याने ४ सोडलं तर क्षार विरघळणारच नाहीत आणि तो म्हणेल, "ऍसिडचा काही उपयोग नाही." म्हणून वर्णनात नुसतं ४ लिटर लिहू नका. नळीचं अंतर, ड्रीपर किती लिटरचा, आणि बादलीची चाचणी, हे तिन्ही लिहा.

*पहिल्या दोन ओळी सगळ्यात महत्त्वाच्या*

मोबाईलवर वर्णन उघडल्याशिवाय सुरुवातीचा थोडाच मजकूर दिसतो. तिथे "नमस्कार मित्रांनो" घालून जागा घालवू नका. तिथे विषय आणि धोक्याची सूचना लिहा. ऍसिडच्या बाबतीत सूचना एकच, पण स्पष्ट: *ऍसिड पाण्यात ओतायचं, पाणी ऍसिडमध्ये कधीच नाही.* पाणी ऍसिडवर पडलं की ते उसळून तोंडावर, डोळ्यात येतं. दुसरी सूचना: शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर ती ऍसिडसोबत कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

*लोक जो शब्द टाईप करतात तोच लिहा*

कृषी खात्याच्या पुस्तिकेत "आम्ल प्रक्रिया" असतं. पण ड्रीपर बंद पडलेला माणूस रात्री मोबाईलवर "ठिबक चोकअप", "ड्रीप नळीतले क्षार", "ऍसिड ट्रीटमेंट" असं शोधतो. कोणी ड्रिप लिहितो, कोणी ड्रीप. कोणी इंग्रजी अक्षरांत thibak sinchan टाकतो. हे शब्द वाक्यात बसवून लिहा. नुसती ५० शब्दांची रांग खाली लावू नका. यूट्यूबच्या नियमांत ते बसत नाही आणि वाचणाऱ्यालाही कंटाळा येतो. हॅशटॅग तीन पुरेत, आणि त्यात मोकळी जागा नको. "#ठिबक सिंचन" लिहिलं तर फक्त "ठिबक" धरलं जातं, "#ठिबकसिंचन" लिहा.

*वेळा, लिंक आणि फोन*

९ मिनिटांच्या व्हिडिओत ऍसिडचं प्रमाण कुठे आहे, हे शोधायला लोक थांबत नाहीत. वेळा लिहा. पहिली वेळ 0:00 हवी, कमीत कमी तीन टप्पे हवेत आणि प्रत्येक टप्पा निदान १० सेकंदांचा हवा. आकडे इंग्रजी लिहा.

लिंक पूर्ण लिहा, पुढे https:// सकट. अनुदानाचे टक्के वर्णनात लिहू नका. ते बदलले तर तुमचा जुना व्हिडिओ चुकीचं सांगत राहतो. त्याऐवजी महाडीबीटीची लिंक द्या. शॉर्ट्सच्या वर्णनातली लिंक दाबली जात नाही, त्यामुळे लिंक द्यायची असेल तर मोठा व्हिडिओच करा.

फोन नंबर घरचा देऊ नका. एकदा टाकला की रात्री-अपरात्री फोन येतात, आणि विक्रेतेही तोच नंबर उचलतात. कंपनीचा नंबर द्या आणि वेळ लिहा. सातबारा, बँकेचा कागद व्हिडिओतही नको, वर्णनातही नको.

*नमुना (उतरवून घ्या, आपले आकडे टाका)*

ठिबक नळीतले क्षार काढण्यासाठी ऍसिड ट्रीटमेंट (आम्ल प्रक्रिया). ऍसिड पाण्यात ओता, पाणी ऍसिडमध्ये नाही. हातमोजे, चष्मा घाला.

माझं शेत: ऊस १ एकर, नळी ५ फूट, ड्रीपर ४० सेंमी, ४ लिटर. विहिरीचं पाणी. १० लिटर पाण्याचा सामू ४ करायला ६ मिली ऍसिड लागलं. तुमच्या पाण्याची चाचणी तुम्ही करा, माझा आकडा घेऊ नका. शेवटच्या ड्रीपरच्या पाण्याचा सामू ४ आला की पंप बंद करा. २४ तास तसंच ठेवा. मग नळ्यांची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा.

0:00 ड्रीप चोकअप कसं ओळखावं
1:40 बादलीची चाचणी
4:10 व्हेंच्युरीतून ऍसिड सोडणे
6:30 नळ्या धुणे

अनुदान अर्ज: https://mahadbt.maharashtra.gov.in
किसान कॉल सेंटर (मोफत): 1800-180-1551
कंपनीचं व्हॉट्सॲप, सकाळी १० ते ५: https://wa.me/91XXXXXXXXXX

#ठिबकसिंचन #ऍसिडट्रीटमेंट #ऊस

*चूक झाली तर*

एकदा चढवलेल्या व्हिडिओतलं बोलणं बदलता येत नाही, पण वर्णन कधीही बदलता येतं. बोलताना "४ लिटर"च्या जागी "१४ लिटर" गेलं असेल, तर वर्णनाच्या सगळ्यात वर लिहा: "दुरुस्ती: 4:10 ला १४ म्हणालो, ४ लिटर बरोबर." तीच ओळ कॉमेंटमध्ये टाकून वर पिन करा. ऍसिडचं प्रमाणच चुकलं असेल तर मात्र व्हिडिओ काढून नवा चढवा, कारण बघणारे सगळेच खालचं वाचत नाहीत.

वर्णन टाकण्याआधी एकदा कंपनीच्या कार्यालयात व्हॉट्सॲपवर पाठवा. आकडे आपण मिळून तपासू. ज्या सभासदाने ऍसिडचा व्हिडिओ आधीच टाकलाय, त्याला हा मेसेज पुढे पाठवा.