आभासी मालमत्तेचा नफा : करासाठी प्रत्येक व्यवहार सुटा

बिटकॉइन, इथर आणि तत्सम नाण्यांवरचा नफा भारतात कर लावण्यापुरता इतर सर्व उत्पन्नांपासून वेगळा काढलेला आहे. 2022 च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायदा 1961 मध्ये दोन गोष्टी घातल्या. कलम 2(47अ) ने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ ही संज्ञा आणली आणि कलम 115बीबीएच ने तिच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर 30 टक्के दर ठरवला. त्यावर 4 टक्के उपकर आणि मोठ्या उत्पन्नावर अधिभार असतो. 1 एप्रिल 2026 पासून लागू होणाऱ्या प्राप्तिकर कायदा 2025 मध्ये कलमांचे क्रमांक बदलतात, मांडणी तीच राहते.

2022 पूर्वी असे स्वतंत्र कलम नव्हते, म्हणून सगळा वाद वर्गीकरणाचा होता. कायद्यात भांडवली मालमत्तेची व्याख्या ‘कोणत्याही प्रकारची मालमत्ता’ इतकी रुंद आहे. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेले नाणे त्यात बसते, आणि तसे बसले की ते किती काळ धरून ठेवले यावर दर ठरतो. रोज खरेदी-विक्री करणाऱ्याच्या हातात तेच नाणे व्यापारी माल ठरते आणि नफा धंद्याचा होतो. विभागाचे अधिकारी काही वेळा तिसराच मार्ग धरून तो ‘इतर उत्पन्ना’त टाकत. प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या जोधपूर खंडपीठाने नव्या कलमाआधीच्या एका विक्रीच्या प्रकरणात बिटकॉइनला भांडवली मालमत्ता मानले आणि नफा दीर्घकालीन ठरवला. पुढे ऑक्टोबर 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, मुंबईच्या वझीरएक्स या मंचावर अडकलेल्या नाण्यांच्या वादात, क्रिप्टो ही मालकी सांगता येण्याजोगी मालमत्ता आहे असे म्हटले. नाणे हे चलन नव्हे, मालमत्ता आहे, या बाबतीत करकायदा आणि दिवाणी कायदा आता एकाच दिशेला आहेत.

व्याख्येची कक्षा मोठी असली तरी तिला कडा आहेत. भारतीय किंवा परकीय चलन त्यात येत नाही. त्यामुळे रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2022 रोजी मुंबईसह चार शहरांत किरकोळ वापरासाठी प्रायोगिक तत्त्वावर सुरू केलेला डिजिटल रुपया आभासी मालमत्ता ठरत नाही. तो रुपयाच आहे. 30 जून 2022 च्या अधिसूचनांनी गिफ्ट कार्ड, व्हाउचर, दुकानांचे आणि विमान कंपन्यांचे पॉइंट वगळले. एनएफटी व्याख्येत आहेत. मात्र ज्या टोकनबरोबर एखाद्या प्रत्यक्ष वस्तूची मालकी कायदेशीररीत्या हस्तांतरित होते, ते बाहेर राहते.

दर 30 टक्के आहे यापेक्षा महत्त्वाचे आहे ते हा दर कशावर लागतो. उत्पन्न मोजताना विक्रीच्या रकमेतून फक्त संपादनाची किंमत, म्हणजे खरेदीचा खर्च, वजा होतो. विक्रीवरचे मंचाचे शुल्क, त्यावरचा जीएसटी, इंटरनेट, कर्जाचे व्याज यांपैकी काहीही वजा होत नाही. नाणे स्वतः ‘खणणाऱ्या’साठीही सरकारने मार्च 2022 मध्ये संसदेत स्पष्ट केले की त्यासाठी उभारलेल्या यंत्रसामग्रीचा खर्च संपादनाची किंमत धरला जाणार नाही. नाणे 1 दिवस ठेवले की 5 वर्षे, दर तोच. उत्पन्नाच्या किमान करमुक्त मर्यादेचा आधारही या नफ्याला मिळत नाही, म्हणून ज्याचे बाकी उत्पन्न शून्य आहे त्यालाही पहिल्या रुपयापासून कर बसतो.

खरा पेच तोट्याचा आहे. आभासी मालमत्तेवरचा तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षी नेता येत नाही. एवढ्यावर थांबले असते तर एका नाण्याचा तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करायला जागा होती, आणि विधेयकाच्या मूळ मसुद्यात ती दिसतही होती. तिथे तोटा कायद्याच्या ‘अन्य’ तरतुदींखालील उत्पन्नातून वजा करता येणार नाही असे म्हटले होते. मार्च 2022 मध्ये विधेयक मंजूर होताना ‘अन्य’ हा शब्द गळला आणि ती जागा बुजली. सरकारने लोकसभेतही तेच सांगितले. आता प्रत्येक व्यवहार सुटा मोजायचा. नफा झालेला व्यवहार कराच्या हिशेबात येतो, तोटा झालेला येतच नाही.

भिवंडीतल्या एका कल्पित यंत्रमाग मालकाचा हिशेब घेतला तर हे स्पष्ट होते. तो मजुरीवर ग्रे कापड विणून देतो. 2024-25 मध्ये त्याने 2,00,000 रुपयांचे बिटकॉइन घेतले. भाव चढून त्याची किंमत 3,20,000 झाली तेव्हा त्याने ते रुपयांत न मोडता त्याच मंचावर इथरमध्ये बदलून घेतले. नंतर इथर उतरले आणि त्याने ते 1,90,000 रुपयांना विकले. 2,00,000 घातले, 1,90,000 परत आले. वर्षअखेर त्याच्या दृष्टीने 10,000 रुपयांचे नुकसान झाले.

कायदा हा एक व्यवहार मानत नाही, दोन मानतो. बिटकॉइन देऊन इथर घेणे हे बिटकॉइनचे हस्तांतरण आहे. रुपया हातात आला नाही म्हणून ते टळत नाही. मोबदला इथरच्या रूपात आला आणि त्या दिवशी त्याचा भाव 3,20,000 होता. तेव्हा पहिल्या व्यवहाराचा नफा 1,20,000 रुपये. दुसऱ्या व्यवहारात इथरची संपादनाची किंमत 3,20,000 आणि विक्री 1,90,000, म्हणून तोटा 1,30,000. हा तोटा बाजूला पडतो. कर पहिल्या नफ्यावर, 30 टक्के म्हणजे 36,000, उपकर 1,440, एकूण 37,440 रुपये. शुल्काचा हिशेब धरलेला नसतानाही मूळ 10,000 चा तोटा कर भरल्यावर 47,440 चा होतो.

हाच चढउतार सुताच्या व्यापारात झाला असता तर चित्र वेगळे असते. सुताच्या एका खेपेवर 1,20,000 मिळाले आणि दुसऱ्या खेपेवर 1,30,000 गेले, तर पूर्ण जमाखर्च ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला वर्षाचा 10,000 रुपयांचा धंद्यातला तोटा धरता आला असता आणि तो नियमांच्या मर्यादेत पुढे नेताही आला असता. शेअरमध्येही अल्पकालीन भांडवली तोटा भांडवली नफ्यातून वजा होतो. प्राप्तिकराची मूळ कल्पनाच निव्वळ उत्पन्नाची आहे. आभासी मालमत्तेपुरती ती सोडून दिलेली आहे, आणि त्यामागे या व्यवहारांना उत्तेजन द्यायचे नाही हा विचार उघड दिसतो. लॉटरीच्या बक्षिसावरही दर 30 टक्के आहे आणि तिथे तर तिकिटाचा खर्चही वजा होत नाही. नाणेधारकाला संपादनाची किंमत तरी मिळते. कर म्हणून ही पद्धत सोपी आहे, न्याय्य आहे असे म्हणणे मात्र अवघड आहे.

याला जोडून 1 जुलै 2022 पासून कलम 194एस चा टीडीएस येतो. तो नफ्यावर नसून मोबदल्याच्या पूर्ण रकमेवर 1 टक्का आहे. वरच्या उदाहरणात पहिल्या व्यवहारावर 3,200 आणि दुसऱ्यावर 1,900, असे 5,100 रुपये मंचाने कापून सरकारजमा केलेले असतील. दुसरा व्यवहार तोट्यात गेला म्हणून त्यावरचा टीडीएस थांबत नाही. कापलेली रक्कम अंतिम करातून वजा होते, त्यामुळे विवरणपत्रासोबत भरायचे 32,340 रुपये उरतात. मंचाशिवाय थेट दोघांत व्यवहार झाला तर टीडीएस कापण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्या खरेदीदारावर येते, आणि गावातल्या ओळखीवर नाणी घेणाऱ्यांकडून हीच गोष्ट राहून जाते. यासाठी वर्षाला 10,000 रुपयांची सूट आहे. धंदा-व्यवसाय नसलेल्या आणि ठरावीक मर्यादेपेक्षा लहान उलाढाल असलेल्या व्यक्तींना ती 50,000 आहे.

काही गोष्टी हस्तांतरण नसतात. आपल्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात नाणी हलवली तर कर नाही, पण मूळ खरेदीची नोंद बरोबर न्यावी लागते. नाहीतर पुढे विकताना संपादनाची किंमत सिद्ध करता येत नाही. भेट म्हणून मिळालेल्या नाण्यांना कलम 56 लागते. नातेवाइकांकडून आलेली भेट करमुक्त असते, मित्राकडून वर्षात 50,000 च्या वर मूल्याची आली तर ते पूर्ण मूल्य घेणाऱ्याच्या उत्पन्नात जाते. पत्नीच्या नावावर नाणी करून कर वाचवण्याची युक्ती मात्र चालत नाही. तिला दिलेली भेट करमुक्त असली तरी त्या नाण्यांवरचा नफा पतीच्याच उत्पन्नात मिळवला जातो.

18 जुलै 2024 रोजी वझीरएक्सवर सायबर हल्ला होऊन सुमारे 23 कोटी डॉलर मूल्याची नाणी चोरीला गेली. त्यात ज्यांचे पैसे बुडाले त्यांचा अनुभव या रचनेची दुसरी बाजू दाखवतो. त्यांनी नाणी विकलेली नव्हती, आणि चोरीचा तोटा म्हणून दाखवला तरी तो वजा करायला कोणतेही उत्पन्न नव्हते. त्याच वर्षी आधी घेतलेल्या नफ्यावरचा कर मात्र पूर्ण देय राहिला.

विवरणपत्रात यासाठी ‘शेड्यूल व्हीडीए’ असते. तिथे प्रत्येक व्यवहाराची संपादन तारीख, हस्तांतरण तारीख, किंमत आणि मोबदला ओळीओळीने द्यावा लागतो, आणि उत्पन्न भांडवली नफ्याचे की धंद्याचे ते निवडावे लागते. दर सारखाच असल्याने जुन्या वर्गीकरणाचा वाद आता मुख्यतः या रकान्यापुरता उरला आहे. भिवंडीच्या त्या यंत्रमाग मालकासारखे लहान धंदेवाले अनेकदा कलम 44एडी खाली अंदाजित नफा दाखवून आयटीआर-4 भरतात. एखादेही नाणे विकले की त्या फॉर्ममध्ये जागाच नसते. त्यांना आयटीआर-3 घ्यावा लागतो. मंचाने कापलेला टीडीएस फॉर्म 26एएस आणि वार्षिक माहिती विवरणपत्रात त्यांच्या पॅनखाली आधीच चढलेला असतो. तो विवरणपत्रात नसेल तर तफावत संगणकालाच दिसते आणि नोटीस येते. परदेशी मंचावर टीडीएस कापला जात नसला तरी कर तोच लागतो, आणि तिथली नाणी परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात वेगळी दाखवावी लागतात. फेब्रुवारी 2025 पासून धाडीत सापडलेल्या अघोषित उत्पन्नाच्या व्याख्येतही आभासी मालमत्ता आली आहे, आणि त्या उत्पन्नावरचा दर 30 नसून 60 टक्के आहे.