टीडीएसचा मेळ : ७२० रुपये कुठे अडकले?

चारठाण्याहून एका वाचकाचा प्रश्न आला. हे गृहस्थ एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची वही सांभाळतात. एका गिऱ्हाइकाच्या खात्यात ७२० रुपये येणे दिसतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, सगळे पैसे कधीच दिले.

त्यांनी बिल पाठवलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं. कामाचे २,००,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६,०००, एकूण २,३६,०००. कलम १९४सी, कंपनीला दर २ टक्के. म्हणून टॅलीत ४,००० टीडीएस धरला. बँकेत मात्र २,३१,२८० आले. म्हणजे गिऱ्हाइकाने ४,७२० कापले होते. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर त्यावर टीडीएस कापू नये, असं २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. तरी पूर्ण बिलावर दोन टक्के लावून मोकळे होणारे पुष्कळ.

हे ओळखायचं कसं? फॉर्म १६ए मधली कापलेली रक्कम आपण धरलेल्या रकमेने भागायची. ४,७२० भागिले ४,००० म्हणजे १.१८. एवढं दिसलं की जीएसटीच्या बाहेर काही शोधायला नको. मग येणे टीडीएस खात्याला ७२० नावे, गिऱ्हाइकाला जमा. हा कर आपल्या पॅनवर भरला गेलेला असल्याने २६एएसमध्ये दिसतो आणि तो पूर्ण मागता येतो. फक्त तिथे दिलेली रक्कम २,३६,००० दिसेल आणि आपलं उत्पन्न २,००,०००; फरक जीएसटीचा, हे ताळमेळपत्रकात लिहून ठेवायचं.

आता आकडे काढण्याबद्दल. ट्रेसेसवरून उतरवलेल्या सोळा-एमध्ये एकच कर दोनदा-तीनदा येतो: तिमाहीच्या तक्त्यात कापलेला आणि भरलेला, शिवाय खाली चलनांच्या तक्त्यात. पीडीएफमधले सगळे आकडे एक्सेलमध्ये ओतून बेरीज मारली की कर दुप्पट-तिप्पट होतो. मी तिमाहीच्या तक्त्यातली कापलेली रक्कम घेतो, शेजारच्या भरलेल्या रकमेशी ताडतो आणि चलनं फक्त तपासणीपुरती वापरतो. भरलेली रक्कम कमी असेल तर आधी गिऱ्हाइकाला फोन.

आणखी एक खोड: गिऱ्हाइकाने विवरणपत्र दुरुस्त केलं की सुधारित दाखला येतो आणि जुनाही फोल्डरमध्ये राहतो. म्हणून प्रत्येक ओळीत कापणाऱ्याचा टॅन, तिमाही, कलम आणि दाखल्यावरची शेवटच्या बदलाची तारीख लिहावी. पहिल्या तीन गोष्टी सारख्या आल्या की नव्या तारखेचा दाखला ठेवावा, जुना बाजूला काढावा.