बिलासोबतचा ईमेल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एका भाषांतरकाराचे उदाहरण घेऊ. प्रशिक्षण पुस्तिकेचे २४,००० शब्द, दर शब्दाला अडीच रुपये, म्हणजे बिल ६०,००० रुपयांचे. काम २ जूनला पोहोचवले आणि ५ जूनला बिल पाठवले. सोबत हा ईमेल गेला:

विषय: बिल
नमस्कार मॅडम, आपल्या कामाचे बिल सोबत जोडून पाठवत आहे. तरी आपण बिल बघून घ्या व कृपया पेमेंट ३० दिवसात लवकरात लवकर करावे ही नम्र विनंती. उशीर झाल्यास व्याज लागेल. तसदीबद्दल क्षमस्व.

असे ईमेल रोज हजारो जण लिहितात. त्यात सभ्यता भरपूर असते, पण हिशेब विभागाला लागते ती माहिती जवळजवळ नसते.

गैरसमज: शुद्धलेखन तपासले की ईमेल तपासून झाला.

शुद्धलेखन तपासायचे आहेच. ‘३० दिवसात’ नव्हे, ‘३० दिवसांत’, कारण अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार येतो. ‘बघून घ्या’ आणि ‘करावे’ ही क्रियापदांची दोन रूपे एकाच वाक्यात नकोत, त्यांतले एकच धरा. ‘कृपया’ लिहिल्यावर पुन्हा ‘ही नम्र विनंती’ लागत नाही. ‘५ जुलै पर्यंत’ असे तोडून न लिहिता ‘५ जुलैपर्यंत’ लिहावे, कारण शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच येते.

पण या चुकांमुळे पैसे अडत नाहीत. पैसे अडतात ते संदिग्ध वाक्यांमुळे. ‘आपल्या कामाचे बिल’ म्हणजे नेमके कोणत्या कामाचे? ईमेल वाचणाऱ्या बाईंनी काम दिले असले तरी पैसे हिशेब विभाग देणार आहे, आणि त्या विभागाने पुस्तिका पाहिलेलीही नाही. त्यामुळे तपासताना प्रत्येक वाक्य त्या अनोळखी वाचकाच्या नजरेने वाचावे. ज्या वाक्यावर त्याला प्रश्न पडेल ते बदलावे.

गैरसमज: ‘३० दिवसांत’ लिहिले की मुदत ठरली.

दिवस कधीपासून मोजायचे हे त्यात नाही. बिलाच्या तारखेपासून मोजले तर मुदत ५ जुलैला संपते. बाईंनी २० जूनला बिल मंजूर केले आणि हिशेब विभागाने तिथून मोजले, तर २० जुलै येते. कुणी कामकाजाचे दिवस धरले तर पाच दिवसांच्या आठवड्याने सहा आठवडे होतात. तिन्ही अर्थ प्रामाणिकपणे लावता येतात आणि भांडण इथेच सुरू होते. वर त्याच वाक्यात ‘लवकरात लवकर’ आहे, म्हणजे मुदत दिलीही आणि मागेही घेतली. यावर उपाय सरळ आहे: तारीखच लिहावी.

विषय: बिल क्र. १४, प्रशिक्षण पुस्तिकेचे भाषांतर, ६०,००० रुपये, देय ५ जुलै
नमस्कार मॅडम, २ जूनला पाठवलेल्या प्रशिक्षण पुस्तिकेच्या भाषांतराचे बिल (क्र. १४, दि. ५ जून) सोबत जोडले आहे. कामाच्या होकारपत्रात ठरल्याप्रमाणे बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांची, म्हणजे ५ जुलैपर्यंतची मुदत आहे. बँक खात्याचा तपशील, पॅन आणि तुमचा ऑर्डर क्रमांक बिलावर आहे. हिशेब विभागाला आणखी काही हवे असल्यास या आठवड्यात कळवावे. धन्यवाद.

‘तसदीबद्दल क्षमस्व’ काढून टाकले आहे. केलेल्या कामाचे बिल पाठवणे ही तसदी नाही, आणि माफी मागितली की वाचणाऱ्यालाही ती तसदीच वाटू लागते.

गैरसमज: ‘उशीर झाल्यास व्याज लागेल’ असे लिहिले की व्याज मिळते.

काम संपल्यावर एका बाजूने बिलावर टाकलेली ओळ म्हणजे करार नव्हे. व्याजाचा दर हवा असेल तर तो काम सुरू होण्याआधी, दरपत्रकात किंवा होकारपत्रात लिहून समोरच्याची लेखी संमती घ्यावी लागते. ईमेलने आलेला ‘मान्य आहे’ इतका होकारही जवळ असावा.

भारतात मात्र एक कायदा मदतीला येतो, आणि फ्रीलान्सरना तो सहसा माहीत नसतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून काम घेण्याआधीच उद्यम नोंदणी केलेली असावी. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. लेखी मुदत ठरली असेल तर ती काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. ठरलीच नसेल तर १५ दिवस मिळतात. आणि काम पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते पोहोचले त्याच दिवशी स्वीकारले गेले असे कायदा मानतो.

आपल्या उदाहरणात स्वीकाराचा दिवस २ जून ठरतो. ५ जुलै ही तारीख ४५ दिवसांच्या आत बसते, म्हणून ती चालते. होकारपत्र नसते तर पैसे १७ जूनपर्यंतच यायला हवे होते. मुदत चुकली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागते, तेही दरमहा चक्रवाढीने. समजा बँक दर ६ टक्के आहे, तर व्याज वर्षाला १८ टक्के होईल आणि ६०,००० रुपयांवर पहिल्या महिन्याचे ९०० रुपये.

हे सगळे पहिल्या ईमेलमध्ये ऐकवू नये. बिलावर उद्यम क्रमांक छापला तरी पुरते. हिशेब विभागाला त्याचा अर्थ कळतो. कलमाचा उल्लेख तिसऱ्या आठवणीसाठी राखून ठेवावा.

गैरसमज: आठवण करून देणे म्हणजे तगादा, म्हणून थोडे थांबावे.

मुदतीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी आठवण पाठवावी. ती पहिल्याच ईमेलला उत्तर म्हणून जावी, बिल पुन्हा जोडावे, आणि हिशेब विभागाचा पत्ता मिळवून त्यांनाही प्रत द्यावी. ‘तुम्ही अजून पैसे दिले नाहीत’ या वाक्यात आरोप आहे. ‘बिल क्र. १४ ची रक्कम ५ जुलैला देय होती. ती खात्यात जमा झालेली दिसत नाही’ यात फक्त वस्तुस्थिती आहे. मराठीत कर्ता बाजूला ठेवून असे बोलण्याची चांगली सोय आहे. शेवटी मात्र उत्तर द्यावेच लागेल असा प्रश्न हवा: ‘पैसे कोणत्या तारखेला निघतील, हे कळवाल का?’ ‘कृपया लक्ष घालावे’ याला कुणी उत्तर देत नाही.

‘प्रोसेसमध्ये आहे’ असे उत्तर आले आणि त्यात तारीख नसेल, तर बिल बहुधा हिशेब विभागापर्यंत पोहोचलेलेच नाही. त्याच दिवशी फोन करून खात्री करावी. ‘पैसे पाठवले’ असे म्हणाले तर यूटीआर क्रमांक मागावा, म्हणजे बँकेत शोध घेता येतो. दुसरी आठवण आठवड्याने पाठवावी. तिसऱ्या आठवणीत कायदा, व्याज आणि सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करण्याचा इरादा एकेका वाक्यात लिहावा, आवाज न चढवता.

आणखी एक समज फार महागात पडतो: आठवणी पाठवत राहिलो की हक्क शाबूत राहतो. तसे नाही. अशा थकबाकीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते आणि तुमच्या ईमेलने ती वाढत नाही. ती मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने स्वतः लेखी कबुली दिली किंवा काही रक्कम दिली, तरच ती नव्याने मोजली जाते. म्हणून ‘हो, साठ हजार बाकी आहेत’ असे त्यांच्याकडून आलेले उत्तर कधीही पुसून टाकू नका.