पत्रा, रिव्हेट आणि भोक: आधी कोण हरणार?

जर्मनीत राहणाऱ्या आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला 'ट्यूफ' हा शब्द माहीत असतो. दर दोन वर्षांनी गाडी तपासायला न्यायची, ब्रेक, दिवे, गंज वगैरे पाहून झाले की नंबरप्लेटवर नवा गोल स्टिकर लागतो. पण या तपासणीची सुरुवात मोटारींपासून झाली नाही. ती झाली वाफेच्या बॉयलरपासून, आणि तीही आमच्या कार्ल्सरूहेपासून जेमतेम साठ किलोमीटरवरच्या मानहाइममध्ये. जानेवारी १८६५ मध्ये तिथल्या एका बिअर कारखान्यातला बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, बाडेन संस्थानातल्या बॉयलरमालकांनी एकत्र येऊन बॉयलरची नियमित तपासणी करणारी संस्था काढली. आजच्या ट्यूफचे मूळ तिथे आहे.

त्या काळचा बॉयलर कसा बनत असे, ते आधी पाहू. वेल्डिंग अजून यायचे होते. लोखंडी पत्रा गोल वाकवून त्याची दोन टोके एकमेकांवर चढवायची, दोन्हींतून आरपार भोके पाडायची, लालबुंद तापवलेले रिव्हेट त्यांत घालायचे आणि दुसऱ्या बाजूने ठोकून डोके तयार करायचे. एकावर एक चढवलेल्या पत्र्यांच्या या जोडाला लॅप जॉइंट म्हणतात. आत वाफेचा दाब वाढला की पिंप फुगू पाहते आणि हा जोड ओढला जातो. हा जोड किती ताण सोसेल, हा प्रश्न त्या काळच्या इंजिनिअरसाठी रोजचा होता. १८४१ पासून कार्ल्सरूहेच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारे फर्डिनांड रेडटेनबाखर यांची ख्यातीच अशी होती की कारागिराच्या अंदाजाच्या जागी त्यांनी हिशेब आणला. तोच हिशेब आज आपण करून पाहू. भारतात इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमा केलेल्यांनी तो परीक्षेसाठी केलाच असेल. बाकीच्यांनाही बेरीज-गुणाकारापलीकडे फार काही लागणार नाही.

हरण्याचे तीन मार्ग

जोड ओढल्यावर तो तीन प्रकारे हार मानू शकतो.

पहिला प्रकार रिव्हेट कापले जाण्याचा. वरचा पत्रा एकीकडे ओढतो, खालचा दुसरीकडे, आणि कात्रीच्या दोन पात्यांत सापडावे तसे रिव्हेट मधोमध कापले जाते. याला शिअर म्हणतात.

दुसरा प्रकार चिरडण्याचा. रिव्हेट शाबूत राहते, पण ते पत्र्याच्या भोकाच्या कडेवर इतके दाबते की ती कड चेपते आणि गोल भोक लांबट होते. हे बेअरिंग.

तिसरा प्रकार फाटण्याचा. भोके पाडल्यामुळे रिव्हेटच्या ओळीत पत्रा आधीच कमी झालेला असतो. पोस्टाच्या तिकिटांचा कागद जसा भोकांच्या रेषेवर फाटतो, तसा पत्रा एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत फाटतो. हे टिअरिंग.

जोडाची ताकद म्हणजे या तीन आकड्यांची बेरीज नव्हे, सरासरीही नव्हे. तिघांतला जो सर्वांत लहान, तीच ताकद. बाकीचे दोन कितीही मोठे असले तरी त्यांचा उपयोग नाही.

एक उदाहरण पूर्ण करू

समजा पत्रा १० मिमी जाडीचा आहे. रिव्हेट केवढे घ्यायचे? जुना ठोकताळा असा की पत्र्याच्या जाडीच्या वर्गमुळाला ६ ने गुणायचे. १० चे वर्गमूळ साधारण ३.१६, म्हणजे उत्तर १९ मिमी. आपण २० मिमी धरू. गरम रिव्हेट ठोकताना भोक पूर्ण भरते, म्हणून रिव्हेट आणि भोक दोन्ही २० मिमीच समजू.

धातूची ताकद पाठ्यपुस्तकांत सापडणाऱ्या आकड्यांसारखी घेऊ: पत्रा प्रति चौरस मिलिमीटर ४०० न्यूटनला फाटतो, रिव्हेट ३२० ला कापले जाते आणि भोकाची कड ६४० ला चेपते.

जोड मीटरभर लांब असला तरी हिशेब एका रिव्हेटपुरता, म्हणजे एका रिव्हेटच्या मध्यापासून पुढच्या रिव्हेटच्या मध्यापर्यंतच्या पट्टीचाच करायचा. या अंतराला पिच म्हणतात. पिच ६० मिमी ठेवून पाहू:

```
शिअर     = (π/4) × 20² × 320   ≈ 100.5 kN
बेअरिंग   = 20 × 10 × 640       = 128 kN
टिअरिंग   = (60 − 20) × 10 × 400 = 160 kN
अखंड पत्रा = 60 × 10 × 400        = 240 kN
```

तिघांत लहान आहे शिअर, १००.५ किलोन्यूटन. भोके नसती तर हीच पट्टी २४० किलोन्यूटन सोसली असती. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे जोडाची कार्यक्षमता. इथे ती अवघी ४२ टक्के आहे. पत्रा अजून भरपूर ताण घेऊ शकला असता, पण रिव्हेटने आधीच हात टेकले.

मग रिव्हेट जवळजवळ लावू. पिच ४० मिमी केली तर फाटण्याची ताकद उरते ८० किलोन्यूटन, अखंड पट्टीची १६०. कार्यक्षमता ५० टक्के, पण आता आधी हरतो तो पत्रा, कारण भोकांनी तो खाऊन टाकला आहे. मधले उत्तर मिळते पिच ४५ मिमी असताना. तिथे फाटण्याची ताकद १०० आणि कापले जाण्याची १००.५, म्हणजे दोघे जवळजवळ एकाच वेळी हरतात. कार्यक्षमता १०० भागिले १८०, साधारण ५५.६ टक्के. रिव्हेटच्या एका ओळीने याहून पुढे जाता येत नाही, निदान या आकड्यांत तरी.

पुढे जायचे असेल तर दुसरी ओळ घ्यायची, पहिलीच्या मधल्या जागांत येईल अशी तिरकी. आता एका पिचमध्ये दोन रिव्हेट येतात, त्यामुळे कापले जाण्याची ताकद २०१ किलोन्यूटन आणि चिरडण्याची २५६. पत्र्याच्या एका ओळीत मात्र एका पिचमागे भोक एकच. म्हणून पिच ७० मिमीपर्यंत वाढवता येते. फाटण्याची ताकद २००, अखंड पट्टीची २८०, कार्यक्षमता ७१.४ टक्के. दुसऱ्या ओळीचा खरा फायदा हाच, की भोके एकमेकांपासून दूर नेता येतात.

या उदाहरणात चिरडण्याचा आकडा कुठेच निर्णायक ठरला नाही. तो ठरतो पत्रा पातळ आणि रिव्हेट जाड असेल तेव्हा. वरच्या आकड्यांनुसार रिव्हेटचा व्यास पत्र्याच्या जाडीच्या अडीच पटींच्या वर गेला की आधी भोक चेपते. आपल्या २० मिमी रिव्हेटखाली ६ मिमीचा पत्रा असता तर तो ७६.८ किलोन्यूटनलाच चेपला असता.

याचा बॉयलरला काय फरक पडतो?

समजा हाच पत्रा वापरून १२०० मिमी व्यासाचे पिंप केले आणि पाचपट सुरक्षितता ठेवली, म्हणजे पत्र्यावर ४०० ऐवजी ८० न्यूटनचाच ताण येऊ दिला. जोडच नसता तर आत साधारण १३.३ बार दाब चालला असता. पिंपाच्या लांबीवरच्या जोडाची कार्यक्षमता जितकी टक्के, तितक्याच टक्क्यांवर हा दाब आणावा लागतो. पिच ६० मिमीची एक ओळ असेल तर ५.६ बार, ४५ मिमीची एक ओळ असेल तर ७.४ बार आणि दोन ओळी असतील तर ९.५ बार. पत्रा तोच, वजन जवळपास तेच, फरक फक्त भोके कुठे पाडली याचा. जो कारखानदार ५.६ बारचा बॉयलर ९ बारला चालवतो, तो आपली सुरक्षितता पाचपटीवरून सुमारे तीनपटीवर आणतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पिंपाच्या घेराभोवतीच्या जोडावर लांबीवरच्या जोडाच्या निम्माच ताण येतो. म्हणून जुन्या बॉयलरवर घेराला रिव्हेटची एक ओळ आणि लांबीला दोन किंवा तीन दिसतात.

हिशेबाला न दिसणारी गोष्ट

आता या हिशेबाची मर्यादा. लॅप जॉइंटमध्ये दोन पत्रे एका रेषेत नसतात, एकाच्या वर एक असतात. त्यामुळे दोन्हीकडची ओढ समोरासमोर येत नाही आणि जोड वाकू पाहतो. पत्रे अजिबात हलत नाहीत असे धरले, तर जोडाच्या कडेशी वाकण्याचा ताण सरळ ओढीच्या तिप्पट निघतो. प्रत्यक्षात जोड थोडा फिरतो आणि हा ताण कमी होतो, पण जात नाही. त्याच कारणाने पिंपही जोडापाशी खरे गोल नसते. रोज सकाळी वाफ चढते, रात्री उतरते, आणि प्रत्येक वेळी तो भाग जरासा वाकून परत येतो. तार पुढेमागे वाकवत राहिले की तुटते, तसेच हे.

त्यातच वाफ गळू नये म्हणून पत्र्याची कड छिन्नीने ठोकून बसवत असत. धारदार छिन्नीचा ओरखडा खालच्या पत्र्यावर उमटला की भेगेला सुरुवात करायला जागा मिळालीच. सर्वांत वाईट म्हणजे भेग अनेकदा दोन पत्र्यांच्या मध्ये, झाकलेल्या पृष्ठभागावर वाढते. चेपलेले भोक किंवा सरकलेले रिव्हेट तपासनीसाला दिसू शकते. ही भेग आतूनही दिसत नाही आणि बाहेरूनही.

२० मार्च १९०५ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी ग्रोव्हर बूट कारखान्याचा बॉयलर फुटला आणि ५८ माणसे गेली. दोष निघाला तो लॅप जॉइंटमधल्या अशाच लपलेल्या भेगेचा. त्यानंतर मॅसॅच्युसेट्सने बॉयलरचे नियम केले, आणि पुढे अमेरिकी यांत्रिक अभियंत्यांच्या संघटनेने देशभरासाठी नियमावली काढली. मोठ्या व्यासाच्या पिंपांवर लांबीचा लॅप जॉइंट बंद झाला. त्याऐवजी पत्र्यांच्या कडा समोरासमोर ठेवून आत-बाहेर पट्ट्या लावायच्या. त्यात ओढ एका रेषेत येते, जोड वाकत नाही आणि प्रत्येक रिव्हेटला दोन ठिकाणी कापावे लागते, म्हणून कार्यक्षमताही वाढते.

मानहाइमच्या टेक्नोझेऊम या संग्रहालयात कधी गेलात, किंवा कुठल्याही जुन्या बॉयलरपाशी उभे राहिलात, तर एक छोटा हिशेब करून पाहा. रिव्हेटच्या डोक्याचा व्यास मोजा आणि त्याला १.६ ने भागा. रिव्हेटच्या दांड्याचा अंदाज मिळेल. मग एकाच ओळीतल्या दोन रिव्हेटमधले अंतर मोजा. अंतरातून दांडा वजा करून पुन्हा अंतराने भागले की पत्रा किती टक्के उरला ते कळते. डोके ३२ आणि अंतर ७० मिमी असेल तर उत्तर ७१ टक्के, वर आपण काढले तेच. मग दोन पत्र्यांच्या मधल्या रेषेकडे बघा. तिच्या आत काय आहे, ते मात्र फूटपट्टीने कळत नाही.