आठचं भोक आठचंच यावं म्हणून

थ्रीडी प्रिंटरवर ८ मिमीचं भोक काढलं, तर ८ मिमीची दांडी सहसा त्यात जात नाही. याला कारणं दोन आणि त्यांचे उपायही वेगळे. प्लास्टिक थंड होताना आक्रसतं. ही घट टक्क्यांत असते, म्हणून लांबी वाढेल तशी वाढते. दुसरं म्हणजे, गोलाईवरून नोझल फिरताना मऊ प्लास्टिक आतल्या बाजूला ओढलं जातं. ही घट लहानमोठ्या भोकांत जवळपास सारखीच राहते.

दोन्ही वेगळ्या ओळखायला एक चपटी पट्टी छापावी. तिच्यात ४, ८ आणि १६ मिमीची भोकं, ४ मिमीची एक सरळ खाच आणि केंद्रांत १०० मिमी अंतर असलेली ८ मिमीची दोन भोकं ठेवावीत. छापताना रोजचंच फिलामेंट आणि रोजच्याच सेटिंग वापराव्यात. वर्तुळाला बाजू भरपूर द्याव्यात, कारण बारा बाजूंचं ८ मिमीचं ‘वर्तुळ’ समोरासमोरच्या बाजूंत मुळातच ७.७३ मिमी भरतं.

लहान भोकात कॅलिपरचे चपटे जबडे कमी माप दाखवतात. तिथे ड्रिल बिटची गुळगुळीत दांडी घालून पाहावी. जोर न लावता जाणारी सर्वांत जाड दांडी कॅलिपरने मोजली, की भोकाचं माप मिळतं. पहिला थर दबून पसरलेला असतो. त्याची कड आधी तासावी, नाहीतर भोकाचं तोंडच मोजलं जाईल.

समजा, भोकं ३.८, ७.८ आणि १५.७५ मिमी आली, म्हणजे घट ०.२ मिमीच्या आसपास. खाच ३.९ मिमी भरली, कारण सरळ भिंतीवर प्लास्टिक कमी ओढलं जातं. आता जोडीच्या भोकांच्या जवळच्या कडांमधलं अंतर ९१.९ आणि लांबच्या कडांमधलं १०७.५ मिमी आहे. दोन्हींची सरासरी ९९.७, म्हणजे केंद्रांमधलं खरं अंतर. भोकं कितीही बारीक झाली तरी हे अंतर बदलत नाही. म्हणून इथली ०.३ टक्के तूट निव्वळ आक्रसण्याची.

७.८चं ८ करायला अख्खं मॉडेल अडीच टक्क्यांनी फुगवलं, तर केंद्रांतलं अंतर सव्वादोन मिमीने जास्त येईल आणि स्क्रू जुळणार नाहीत. त्याऐवजी मॉडेलमध्ये भोकांना ०.२ आणि खाचेला ०.१ मिमी वाढवून द्यावेत, मग अख्खं मॉडेल १००.३ टक्के करावं. दांडी सहज सरकायला हवी असेल, तर तेवढी ढिलाई वेगळी धरावी. स्लायसरमध्येही भोकं मोठी करायची सोय असते, पण दोन्हीकडे भरपाई केली तर ती दुप्पट होते.

हे आकडे आडव्या छापलेल्या पट्टीचे आहेत. उभ्या भिंतीतल्या भोकाचं छत खाली झुकतं, म्हणून त्याची चाचणी वेगळी घ्यावी. फिलामेंट किंवा नोझल बदललं, की पट्टी पुन्हा छापावी.