शाळेच्या रसायन कपाटातल्या तारखा

2016 साली ब्रिटनमधल्या शेकडो शाळांमध्ये लष्कराची बॉम्बनाशक पथके बोलवावी लागली. कोणी बॉम्ब ठेवला नव्हता. शाळांच्या प्रयोगशाळांतल्या कपाटांत 2,4-डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिनच्या बाटल्या पडून होत्या, आणि हे रसायन कोरडे पडले की आघाताने वा घर्षणाने स्फोट होऊ शकतो, अशी सूचना शाळांपर्यंत पोहोचली होती. पथकांनी त्या बाटल्या मैदानावर नेल्या आणि बऱ्याच ठिकाणी तिथेच नियंत्रित स्फोट करून नष्ट केल्या.

आपल्याकडे बारावीचे विद्यार्थी अल्डिहाइड आणि कीटोन ओळखण्यासाठी हेच रसायन वापरतात. प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘टू-फोर डीएनपी’ म्हणतात. ओल्या अवस्थेत ते सुरक्षित असते, म्हणून ते विकतानाच त्यात साधारण एक तृतीयांश पाणी मिसळलेले असते. पण बाटली अर्धी वापरली गेली, बूच नीट बसले नाही, त्यात विदर्भ-मराठवाड्यातले दोन-तीन उन्हाळे गेले, तर ते पाणी हळूहळू उडून जाते. नारिंगी भुकटी बाहेरून जशीच्या तशी दिसते, आणि तिच्यातला धोका डोळ्यांना कळत नाही.

तो कळतो वजनाने. नवी बाटली आली की झाकणासकट तिचे वजन करायचे आणि ते तारखेसह लेबलवर लिहायचे. वापरासाठी काही काढले की काढल्यानंतरचे वजन पुन्हा लिहायचे. समजा, शेवटची नोंद 240 ग्रॅमची आहे आणि सहा महिन्यांनी तराजू 215 दाखवतो. मधल्या काळात कोणी हात लावलेला नसेल, तर गेलेले 25 ग्रॅम पाणीच आहे. घट एक-दोन ग्रॅमच्या पुढे जाण्याआधीच ती पकडायची आणि बाटलीत थोडे पाणी घालून नवे वजन लिहायचे. बाटली एका मोठ्या झाकणाच्या डब्यात, तळाशी थोडे पाणी ठेवून, उभी ठेवली तर हवा दमट राहते आणि घट मंदावते. मात्र कधीच नोंद न झालेली जुनी बाटली सापडली, भुकटी सुटी-कोरडी दिसली किंवा बुचाच्या कडेला स्फटिक जमलेले दिसले, तर झाकण फिरवून पाहायचे नाही. आट्यांमधले घर्षण पुरेसे ठरू शकते. बाटली आहे तिथेच ठेवायची, खोली बंद करायची आणि मुख्याध्यापकांमार्फत पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकाला कळवायचे. जुन्या पिक्रिक अॅसिडच्या बाटलीलाही हाच नियम.

कपाटातली बहुतेक रसायने इतकी भयंकर नसतात, पण प्रत्येकाचे बिघडणे वेगळे असते आणि छापील तारीख ते पुरते सांगत नाही. अनेक बाटल्यांवर फक्त उत्पादनाचा महिना आणि बॅच क्रमांक असतो, मुदत नसते. सोडियम क्लोराइडची बंद बाटली वर्षानुवर्षे टिकते. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या झाकण उघडले की हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढायला लागतात. डायइथाइल ईथरची बाटली उघडली की हवेतल्या ऑक्सिजनने त्यात पेरॉक्साइडे तयार होतात. म्हणून न उघडलेली बाटली वर्षभरात आणि उघडलेली सहा महिन्यांत संपवायची किंवा काढून टाकायची. म्हणजे शाळेच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची तारीख कारखान्याने छापलेली नसते. ती प्रयोगशाळा परिचराने मार्करने लिहिलेली असते: बाटली आली कधी आणि उघडली कधी.

या दोन तारखा लेबलवर असल्या की ‘आधी आलेले आधी वापरा’ हा नियम फळीवर आपोआप चालू लागतो. नवी बाटली मागे, जुनी पुढे. दोन बाटल्या एकाच वेळी उघडायच्या नाहीत. जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेले नव्या बाटलीत ओतायचे नाही, कारण मग दोन्हींची तारीख हरवते आणि बिघडलेला ऐवज चांगल्यात जातो. नियमाला एक अपवाद आहे. मागाहून आलेल्या बाटलीची छापील मुदत आधी संपणारी असेल, तर ती पुढे येते. पुरवठादार कधी कधी जुना माल नंतर पाठवतो, म्हणून बाटली फळीवर ठेवण्याआधी लेबल वाचायलाच हवे.

हे पाळले नाही तर काय होते, ते फेरस अमोनियम सल्फेटच्या उदाहरणात चांगले दिसते. आपण त्याला मोहर सॉल्ट म्हणतो. बारावीच्या अनुमापनात त्याचे द्रावण पोटॅशियम परमँगनेटने मोजतात. त्यातले फेरस लोह हवेने हळूहळू फेरिक होते आणि फिकट हिरव्या स्फटिकांवर पिवळट-तपकिरी छटा येते. साध्या फेरस सल्फेटपेक्षा हे मीठ टिकाऊ असते, पण अमर नसते. आता हिशेब पाहा. एका लिटरला 39.2 ग्रॅम मोहर सॉल्ट विरल सल्फ्युरिक अॅसिडमध्ये विरघळवले की 0.1 मोलर द्रावण होते. त्यातले 10 मिलि घेऊन 0.02 मोलर परमँगनेटने अनुमापन केले तर ब्युरेटवर 10 मिलि वाचन यायला हवे. मिठातला दहावा भाग फेरिक झाला असेल, तर वाचन 9 मिलि येते. वर्गातली सगळी मुले 9 मिलि लिहितात, आणि ‘तुम्ही नीट पाहत नाही’ म्हणून ऐकून घेतात. मुलांच्या डोळ्यांत काही दोष नसतो, दोष बाटलीत असतो.

दोष मिठात आहे की परमँगनेटमध्ये, हे ठरवायला ऑक्झॅलिक अॅसिड उपयोगी पडते, कारण त्याचे स्फटिक चांगले टिकतात. लिटरला 6.3 ग्रॅम विरघळवून 0.05 मोलर द्रावण करायचे, त्यातल्या 10 मिलिमध्ये विरल सल्फ्युरिक अॅसिड घालून ते साधारण 60 ते 70 अंशांपर्यंत तापवायचे आणि त्याच परमँगनेटने अनुमापन करायचे. इथे 10 मिलि आले आणि मोहर सॉल्टला 9 आले, तर परमँगनेट ठीक आहे आणि मीठ उतरले आहे. दोन्हीकडे वाचन सारखेच वाढले असेल, तर परमँगनेट क्षीण झाले आहे. बाटलीच्या तळाशी तपकिरी गाळ दिसत असेल तर बहुधा तेच. ही तपासणी जानेवारीच्या सुरुवातीला, प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी, अर्ध्या तासात होते. उतरलेले मीठ लगेच फेकायचेही नसते. गुणात्मक परीक्षेत लोह ओळखायच्या सरावाला ते चालते. बाटलीवर ‘अनुमापनासाठी नको’ असे लिहून वेगळ्या फळीवर ठेवायचे.

मग काही बाटल्या खरोखरच नको होतात. इथे अडचण रसायनशास्त्राची कमी आणि दप्तराची जास्त असते. नोंदवहीत एकदा चढलेली बाटली खर्ची न पडता कमी झाली, तर लेखापरीक्षणात विचारणा होईल, या भीतीने तीस वर्षांपूर्वीची बाटलीसुद्धा कपाटात राहते. उपाय साधा आहे. वर्षातून एकदा, बहुधा मे महिन्यात, रसायनशास्त्राचे शिक्षक, परिचर आणि मुख्याध्यापकांनी नेमलेली आणखी एक व्यक्ती मिळून यादी करायची: रसायन, मात्रा, आल्याची तारीख, काढण्याचे कारण. त्यावर सह्या घेऊन निर्लेखनाचा ठराव करायचा आणि नोंदवहीत त्या ठरावाचा क्रमांक टाकायचा. चांगल्या अवस्थेतला, सीलबंद पण आपल्याला जास्त झालेला माल जवळच्या दुसऱ्या शाळेला द्यायचा आणि दोन्ही नोंदवह्यांत तो दाखवायचा. बाटली बाजारातून पुन्हा विकत घेण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा.

उरलेल्याची विल्हेवाट तीन वाटांनी जाते. विरल केलेली साधी आम्ले आणि अल्कली उदासीन करून भरपूर पाण्याबरोबर नाल्यात सोडता येतात. आम्ल हळूहळू पाण्यात ओतायचे, त्यात थोडा थोडा खाण्याचा सोडा टाकायचा आणि फसफसणे थांबल्यावर लिटमसने किंवा पीएच कागदाने तपासायचे. पण शिसे, पारा, क्रोमियम आणि बेरियम असलेली रसायने नाल्यात कधीच जायची नाहीत. लेड नायट्रेट, मर्क्युरिक क्लोराइड, पोटॅशियम डायक्रोमेट, पाऱ्याचे नेस्लर अभिकर्मक, सगळे याच यादीत. हे सगळे एकाच मोठ्या कॅनमध्ये ओतण्याचा मोह होतो, तो टाळायचा. आम्ल आणि सल्फाइड एकत्र आले तर हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. प्रत्येक रसायन मूळ बाटलीतच, लेबलासकट, घट्ट बंद करून ‘टाकाऊ’ लिहिलेल्या कुलूपबंद कपाटात ठेवायचे. घातक कचऱ्यासाठी 2016 चे केंद्रीय नियम आहेत आणि महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अशा कचऱ्याच्या सामायिक प्रक्रिया सुविधा आहेत. एका शाळेची दहा किलो रसायने तिथपर्यंत नेणे परवडत नाही. तालुक्यातल्या आठ-दहा शाळांनी एकत्र यादी करून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे विचारणा केली, तर एका गाडीचा खर्च वाटून घेता येतो. तिसरी वाट टू-फोर डीएनपीसारख्या स्फोटक रसायनांची, ती वर सांगितलीच.

मात्र जास्तीचा माल तयार होतो तो ऑर्डरच्या कागदावर. तिथेच हिशेब केला तर निम्मी कटकट टळते. बारावीला 80 विद्यार्थी आहेत. मोहर सॉल्टच्या अनुमापनाला प्रत्येकी 100 मिलि द्रावण धरले तर आठ लिटर लागतात, म्हणजे 314 ग्रॅम. दोन सरावांच्या आणि एका परीक्षेच्या फेरीला मिळून सुमारे 940 ग्रॅम. 500 ग्रॅमच्या दोन बाटल्या आणल्या तर वर्षाअखेरीस दोन्ही रिकाम्या होतात आणि पुढच्या वर्षाला जुने मीठ उरतच नाही. सिल्व्हर नायट्रेटचे गणित वेगळे. एका विद्यार्थ्याला वर्षाला 5 मिलि 0.1 मोलर द्रावण धरले तर एकूण 400 मिलि, म्हणजे फक्त 6.8 ग्रॅम. 25 ग्रॅमची बाटली गडद काचेत, उजेडापासून दूर ठेवली तर तीन वर्षांहून जास्त पुरते. आणि लेड नायट्रेट? समजा, गुणात्मक विश्लेषणात पंधरा विद्यार्थ्यांना प्रत्येकी 2 ग्रॅम दिले, तर वर्षाला 30 ग्रॅम. पुरवठादार 500 ग्रॅमची बाटली स्वस्त पडते म्हणून सुचवतो. ती सोळा वर्षे पुरेल, आणि त्यातले जे उरेल ते शिसेयुक्त म्हणून तळोज्याला पाठवायचा खर्च शाळेलाच करावा लागेल. 100 ग्रॅमची बाटली मागवा.