बेचाळीसचे पंचाहत्तर

माझी भाची चाकणच्या एका छोट्या कारखान्यात सहा वर्षं हिशेब सांभाळते. एका मोठ्या कंपनीची जाहिरात पाहून तिने आपला रेझ्युमे जुळणी तपासणाऱ्या साइटवर टाकला, तर गुण आले ४२. चेहरा पडला. पण हा आकडा तिच्या कामाचा नव्हताच. साइटने जाहिरातीतले बारा शब्द काढले होते, त्यातले पाच रेझ्युमेत सापडले, झाला हिशेब.

न सापडलेले सात शब्द कागदावर लिहून आम्ही एकेकावर बोललो. ‘जीएसटीआर-२बी ताळमेळ’ हा पहिला. रेझ्युमेत नुसतं ‘जीएसटीची सर्व कामे’ असं होतं. दर महिन्याला नेमकं काय करतेस, विचारल्यावर कळलं, की चौदा तारखेला २बी आलं की ती खरेदीची वही त्याच्याशी ताडून पाहते, आणि ज्या पुरवठादाराचं बिल तिथे दिसत नाही त्याच्या मागे लागते, नाहीतर त्या बिलावरची कराची वजावट अडकते. म्हणजे काम होतं, नाव नव्हतं. नवी ओळ झाली: ‘दरमहा सुमारे १५० खरेदी बिलांचा जीएसटीआर-२बीशी ताळमेळ, न दिसणाऱ्या बिलांचा पाठपुरावा.’ ‘पार्टी पेमेंट’चं ‘अकाउंट्स पेएबल’ झालं. मालकांना महिनाअखेरीला ती येणी-देणीचा तक्ता देते, तो ‘एमआयएस रिपोर्ट’मध्ये बसला. कशाचा रिपोर्ट, हेही शेजारी लिहिलं.

खरी कसोटी लागली ‘टीडीएस रिटर्न’ला. ती कपातीचा हिशेब करते, चलन भरते, तिमाही विवरणाची माहिती जुळवते. विवरण दाखल करतात सीए. ‘टीडीएस रिटर्न भरले’ लिहिलं असतं तरी साइटने तेवढेच गुण दिले असते. यंत्र नाम मोजतं, क्रियापद वाचत नाही. ते वाचतो समोर बसलेला माणूस. म्हणून आम्ही लिहिलं, ‘टीडीएस रिटर्नसाठी माहिती तयार करून सीएंना देणे’.

उरले एसएपी, कॉस्टिंग आणि टीम सांभाळणं. एसएपी तिने दुसऱ्याच्या संगणकावर पाहिलंय तेवढंच. तिचं सगळं काम टॅलीवर. हे तिन्ही रिकामे ठेवले. ‘एसएपीची ओळख’ असं गुळमुळीत लिहायचा मोह तिला झाला होता, पण त्यावरचा दुसरा प्रश्न आला की बोलती बंद. (पांढऱ्या अक्षरांत शब्द दडवण्याचा सल्लाही कुणीतरी दिला होता. मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला की तो लगेच उघडा पडतो.)

बारापैकी नऊ शब्द, गुण ७५. त्याच्या वर आम्ही गेलो नाही.

तुम्हीही असा बदल कराल तेव्हा प्रत्येक नव्या ओळीसमोर पेन्सिलीने लिहा, हे काम शेवटचं कधी केलं होतं. तारीख आठवत नसेल तर ती ओळ खोडा.